नोंदविस्तार (वारंवारता कोष्टकाचा)

पाहणी-अहवालात छापलेल्या दुहेरी किंवा बहुपदरी कोष्टकातील संख्या उलगडून दर उत्तरदात्यामागे एक ओळ असलेली सारणी तयार करण्याची रीत. कोष्टकाच्या एका चौकटीत २७ असेल, तर त्या चौकटीची वैशिष्ट्ये असलेल्या २७ ओळी तयार होतात. मूळ प्रश्नावल्या नष्ट झालेल्या आणि केवळ छापील अहवाल उरलेल्या जुन्या पाहण्यांचे नव्याने विश्लेषण करताना ही रीत वापरतात.

हैदराबादच्या बाबतीत असे साहित्य बरेच आहे. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये हैदराबाद संस्थानात आर्थिक पाहणी केली. हैदराबाद-सिकंदराबाद शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा त्यांचा अहवाल १९५७ साली तेथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक्सने प्रसिद्ध केला. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. त्यामुळे या अहवालांची तुलना गोखले इन्स्टिट्यूटच्या पुणे शहराच्या पाहणीशी (पहिला भाग १९४५, दुसरा १९५२) करावी, असे अभ्यासकाला साहजिकच वाटते. तुलनेसाठी दोन्हीकडची सामग्री एकाच साच्यात आणावी लागते. नोंदविस्ताराची गरज इथे पडते.

वाचन आणि पडताळणी. स्कॅनवरून आकडे यंत्राने वाचले, तरी ते तसेच घेत नाहीत. अहवालात छापलेल्या ओळींच्या आणि रकान्यांच्या बेरजा पडताळणीसाठीच असतात. पुढील कोष्टक केवळ उदाहरणादाखल रचले आहे. एकक कुटुंब आहे.

| मातृभाषा | स्वतःचे घर | भाड्याचे | विनाभाडे | एकूण |
|---|---|---|---|---|
| तेलुगू | ९६ | ८४ | ६ | १८६ |
| उर्दू | ७८ | ७२ | ४ | १५४ |
| मराठी | १३ | २७ | – | ४० |
| एकूण | १८७ | १८३ | १० | ३८० |

यंत्राने मराठीच्या ओळीतील १३ हा आकडा १८ असा वाचला, तर ओळीची बेरीज ४० ऐवजी ४५ आणि रकान्याची १८७ ऐवजी १९२ होते. दोन्हीकडे नेमका पाचचा फरक पडतो आणि ओळ व रकाना जिथे छेदतात तीच चुकीची चौकट ठरते. फरक फक्त ओळीतच दिसला, रकान्यात दिसला नाही, तर छापलेली बेरीज चुकीची वाचली गेली असण्याचा किंवा अहवालातच छपाईची चूक असण्याचा संशय घ्यावा. छापलेल्या बेरजा स्वतंत्र टिपून ठेवतात. त्या विस्तारात कधीच घालत नाहीत. ‘एकूण’ची ओळ चुकून आत राहिली, तर प्रत्येक कुटुंब दोनदा मोजले जाते.

विस्तार. पडताळलेले कोष्टक आधी लांब स्वरूपात मांडतात : प्रत्येक चौकटीसाठी एक ओळ आणि शेवटच्या रकान्यात संख्या. वरच्या कोष्टकाच्या अशा नऊ ओळी होतात.

```
language,house,n
telugu,own,96
telugu,rent,84
...
marathi,free,0
```

‘आर’ या संगणकीय भाषेत पुढचे काम थोडक्यात होते.

```r
k <- read.csv("table.csv", stringsAsFactors = TRUE)
d <- k[rep(seq_len(nrow(k)), k$n), c("language", "house")]
nrow(d)
table(d$language, d$house)
```

`nrow(d)` चे उत्तर ३८० आले पाहिजे, आणि शेवटच्या आज्ञेने मूळ कोष्टकातील प्रत्येक चौकटीची संख्या, ओळी-रकान्यांचा क्रम बदलला तरी, जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे. नोंदविस्ताराची ही शेवटची आणि सर्वांत खात्रीची कसोटी आहे.

शून्याच्या चौकटीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. छापील अहवालात शून्याच्या जागी बहुधा आडवी रेघ असते आणि वाचनात ती रिकामी जागा ठरते. ‘आर’मध्ये शून्य संख्येची ओळ गळते, तेच योग्य असते, मात्र जागा रिकामी राहिली तर वरची आज्ञा चूक दाखवून थांबते. ‘स्टाटा’ या प्रणालीतील `expand n` ही आज्ञा मात्र शून्य किंवा रिकाम्या संख्येची ओळ गाळत नाही, एकदा ठेवते. वरच्या उदाहरणात त्यामुळे ३८१ कुटुंबे होतात आणि विनाभाडे राहणारे, प्रत्यक्षात नसलेले एक मराठी कुटुंब सारणीत येते. म्हणून तिथे आधी `drop if n == 0 | missing(n)` ही आज्ञा देतात. रेघेचा अर्थ शून्य की ‘माहिती नाही’, हे अहवालाच्या टिपांवरून ठरवावे लागते.

वर्गमर्यादा आणि चलन. उत्पन्नाच्या कोष्टकात हैदराबादचा खास अडसर येतो. संस्थानात हाली शिक्का चालत असे आणि सात हाली रुपये सहा कलदार रुपयांबरोबर धरले जात. अहवालातील ‘५० ते १०० रुपये’ हा वर्ग हालीत असेल, तर तो कलदारात सुमारे ४२.८६ ते ८५.७१ होतो. चौकटीतील संख्या बदलत नाही, फक्त वर्गाच्या कडा सरकतात. पुण्याच्या ५० ते १०० च्या वर्गाशी तो मग जुळत नाही आणि विस्तारलेल्या नोंदींवर कितीही काम केले तरी जुळणार नाही, कारण वर्गाच्या आत उत्पन्न कुठे होते हे कोष्टकाने सांगितलेलेच नसते. प्रत्येक नोंदीला वर्गाचा मध्यबिंदू देऊन सरासरी काढता येते, पण ती अंदाजी सरासरी असते.

मर्यादा. विस्तारलेली ओळ ही एखाद्या खऱ्या कुटुंबाची नोंद नसते. ओळींचा क्रम आणि त्यांना दिलेले क्रमांक निरर्थक असतात. कोष्टकात नसलेली कोणतीही माहिती विस्ताराने निर्माण होत नाही. ही मर्यादा दोन कोष्टके जोडताना सर्वांत जास्त जाणवते. समजा, दुसऱ्या एका कोष्टकात ४० मराठी कुटुंबांपैकी २० कमी उत्पन्नाची आहेत. भाड्याने राहणारी २७ आणि कमी उत्पन्नाची २०. मग दोन्ही एकदम असलेली किती? उत्तर ७ ते २० यांमधील काहीही असू शकते. दोन विस्तारित सारण्या शेजारी ठेवून ओळीला ओळ जोडली, तर संगणक एकच आकडा देतो, पण तो ओळींच्या क्रमाचा योगायोग असतो.

दुसरा धोका संख्या फुगवण्याचा आहे. काही अहवालांत नमुन्यातील संख्या नसतात. नमुन्यावरून साऱ्या शहरासाठी काढलेले अंदाज छापलेले असतात. वरच्या उदाहरणात विनाभाडे गट वगळून मराठी आणि इतर कुटुंबांची तुलना केली, तर काय-वर्ग ५.८४ येतो. हेच आकडे दहापटीने छापलेले असते, तर तो ५८.४ झाला असता आणि साधा फरक निर्विवाद वाटला असता. अशा वेळी आकडे आधी नमुन्याच्या प्रमाणात उतरवावे लागतात. फक्त टक्केवारी छापलेली असेल, तर एकूण संख्येवरून चौकटी परत काढता येतात, मात्र पूर्णांकात आणताना बेरजा एक-दोनने चुकतात.

एका उत्तरदात्याला अनेक उत्तरे देण्याची मुभा असलेल्या प्रश्नाचे कोष्टक विस्तारू नये; तिथे चौकटींची बेरीज उत्तरांची असते, माणसांची नव्हे.

केवळ दोन चलांचा संबंध तपासायचा असेल, तर विस्ताराची गरजही नसते; `n` हा रकाना भार म्हणून वापरला तरी तेच उत्तर मिळते. विस्तार उपयोगी पडतो तो एका ओळीला एक उत्तरदाता मागणाऱ्या आज्ञावलींसाठी आणि दोन शहरांच्या पाहण्या एका सारणीत खाली-वर जोडण्यासाठी. अशा जोडसारणीत मूळ अहवाल, पान आणि कोष्टक-क्रमांक यांचे रकाने प्रत्येक ओळीत ठेवतात, म्हणजे शंका आल्यास त्याच छापील चौकटीपर्यंत परत जाता येते.