सोसायटीला सोलर परवडतं का? महागाई एकाच बाजूला धरली की उत्तर कसं उलटतं

एका हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घेऊ. गच्चीवर सोलर बसवायला १० लाख रुपये खर्च आहे. त्यामुळे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलात आजच्या वीजदराने वर्षाला १ लाख १० हजार रुपये वाचतील. पॅनल २० वर्षं चालतील असं धरलं आहे. बँकेचा व्याजदर १० टक्के आहे आणि महागाई वर्षाला ५ टक्के राहील असा अंदाज आहे.

सोसायटीचे खजिनदार एक्सेल उघडतात. वीस वर्षांच्या वीस रकान्यांत १,१०,००० हाच आकडा भरतात आणि १० टक्क्यांनी त्याचं आजचं मूल्य काढतात. उत्तर येतं सुमारे ९ लाख ३६ हजार. खर्च १० लाख, मिळकत त्याहून कमी. म्हणजे सोलर परवडत नाही, असा ठराव होतो.

हा ठराव चुकीच्या हिशेबावर झालेला आहे.

चूक नेमकी कुठे?

बँकेचा १० टक्के हा 'नॉमिनल' दर आहे. पैशाची किंमत दरवर्षी घटणार हे धरूनच तो ठरतो, म्हणजे त्याच्या पोटात महागाई आधीच आहे. पण बचतीचे आकडे 'रिअल' आहेत, म्हणजे आजच्या रुपयांतले. विजेचा दर वीस वर्षं वाढणारच नाही, असं ते आकडे सांगतात. परिणामी महागाई वजा झाली, पण मिळकतीत ती कधी धरलीच नव्हती.

नियम सोपा आहे. आकडे नॉमिनल असतील तर दर नॉमिनल हवा. आकडे रिअल असतील तर दरही रिअल हवा.

दोन बरोबर रस्ते, उत्तर एकच

पहिला रस्ता नॉमिनल. वीजदर महागाईइतकाच वाढेल असं धरून बचत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवायची आणि १० टक्क्यांनी आजचं मूल्य काढायचं. दहाव्या वर्षाची बचत होते १,७९,१७८ रुपये. तिचं आजचं मूल्य ६९,०८१ रुपये.

दुसरा रस्ता रिअल. बचत १,१०,००० हीच ठेवायची, पण दरातून महागाई काढायची. आज १०० रुपये ठेवले तर वर्षाने ११० होतात, पण १०० रुपयांची वस्तू तोवर १०५ ची झालेली असते. ११० भागिले १०५ म्हणजे १.०४७६. म्हणून रिअल दर ४.७६ टक्के. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांच्या नावाने हे समीकरण ओळखलं जातं. या दराने दहाव्या वर्षाच्या बचतीचं मूल्य काढलं तरी ६९,०८१ रुपयेच येतात. खजिनदारांच्या हिशेबात हाच आकडा ४२,४१० होता.

वीस वर्षांची बेरीज दोन्ही रस्त्यांनी सुमारे १३ लाख ९९ हजार होते. म्हणजे १० लाखांच्या खर्चावर जवळपास ४ लाखांचा फायदा. एक्सेलमध्ये फरक एवढाच:

```
चूक:    =PV(10%,20,-110000)
बरोबर:  =PV(1.10/1.05-1,20,-110000)
```

१० मधून सरळ ५ वजा केले तर ५ टक्के मिळतात आणि उत्तर सुमारे १३ लाख ७१ हजार येतं. अंदाजापुरतं ते चालतं. पण महागाई जास्त असेल तर वजाबाकी आणि भागाकार यांतलं अंतर वाढत जातं.

उलटी चूकही होते

वाढत्या बचतीचे आकडे घेऊन त्यांना ४.७६ टक्के दर लावला तर मूल्य साडेबावीस लाखांवर जातं. इथे महागाई मिळकतीत धरली, पण दरातून काढून टाकली. विक्रेत्याने दिलेल्या तक्त्यात 'वीजदर दरवर्षी वाढणार' असं गृहीत असेल, तर त्याने दर कोणता लावला आहे हे आधी बघावं.

सगळंच महागाईने वाढत नाही

समजा देखभालीचा करार वर्षाला २०,००० रुपयांवर कायमचा बांधलेला आहे. ही रक्कम नॉमिनल आहे. दहाव्या वर्षी तिची किंमत आजच्या सुमारे १२,२८० रुपयांइतकीच उरते. रिअल तक्त्यात २०,००० तसेच लिहिले तर खर्च फुगतो. कर्जाचा ठरलेला हप्ताही याच प्रकारचा.

वीजदर महागाईपेक्षा हळू वाढला, तर रिअल बचत १,१०,००० वर टिकत नाही, दरवर्षी घटते. पॅनलची वीजनिर्मितीही वयाबरोबर थोडी कमी होते. ही घट आकड्यांत दाखवावी लागते, ती दरात मिसळू नये.

तक्ता हातात आला की काय बघायचं?

पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचे आकडे शेजारी ठेवा. ते सारखेच असतील आणि खाली बँकेचा दर लावलेला असेल, तर ती रक्कम कराराने बांधलेली आहे का हे विचारा. तशी नसेल, तर महागाई एकाच बाजूला धरली गेली आहे.