हस्तलिखित कुंडलीचे स्थान-ग्रह तक्त्यात रूपांतर

हस्तलिखित कुंडलीचे स्थान-ग्रह तक्त्यात रूपांतर म्हणजे कागदावर हाताने काढलेल्या जन्मकुंडलीतील राशी व ग्रह वाचून ते बारा स्थानांच्या टंकलिखित तक्त्यात मांडण्याची प्रक्रिया होय. विवाहासाठी टिपण पाठवताना किंवा जीर्ण पत्रिकेची प्रत जतन करताना असा तक्ता तयार केला जातो. आकृतीत जागा आणि अंक या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. त्यांची गल्लत झाल्यास एकाही ग्रहाचे नाव न चुकता संपूर्ण तक्ता चुकू शकतो.

## आकृतीची रचना

महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या चौकटीत कर्ण आणि बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषांमुळे बारा घरे तयार होतात. वरचे मधले घर नेहमी प्रथम, म्हणजे लग्नस्थान असते. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, अर्थात डावीकडे, पुढील स्थाने मोजतात. डाव्या बाजूचा मधला चौकोन चौथे, खालचा मधला सातवे आणि उजवीकडचा दहावे स्थान दर्शवतो. घरात लिहिलेला अंक मात्र स्थानाचा नसून राशीचा असतो: १ म्हणजे मेष, २ म्हणजे वृषभ, याप्रमाणे १२ म्हणजे मीन.

नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणाला व कर्नाटकाला, तर लातूर जिल्ह्याची सीमा कर्नाटकाला लागून आहे. त्यामुळे देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या भागांतील कुटुंबांकडे दाक्षिणात्य पद्धतीची कुंडलीही असू शकते. तिच्यात राशींच्या जागा कायम असतात. वरच्या ओळीतील डाव्या कोपऱ्यात मीन व तिच्या शेजारी मेष असते आणि पुढील राशी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने येतात. लग्नाच्या घरात ‘ल’ लिहितात किंवा तिरकी रेघ मारतात. मोजण्याची दिशा दोन्ही पद्धतींत परस्परविरुद्ध असली, तरी त्यांतून तयार होणारा तक्ता एकच असतो.

## स्थान काढण्याची रीत

ग्रहाच्या राशीच्या अंकातून लग्नराशीचा अंक वजा करून एक मिळवल्यास स्थान मिळते. उत्तर शून्य किंवा ऋण आल्यास त्यात १२ मिळवतात. स्प्रेडशीटमध्ये लग्नराशीचा अंक `B1` या घरात आणि ग्रहाच्या राशीचा अंक `B2` मध्ये असल्यास पुढील सूत्र वापरता येते:

```
=MOD(B2-$B$1,12)+1
```

सूत्रासाठी राशीचे अंक इंग्रजी अंकचिन्हांत भरणे सोयीचे ठरते, कारण देवनागरी अंक अनेकदा संख्या न मानता मजकूर म्हणून घेतले जातात.

## उदाहरण

१५ ऑगस्ट १९४७ रोजी मध्यरात्री (भारतीय प्रमाणवेळ ०० वाजता) नांदेड येथील कुंडली चित्रापक्षीय निरयन पद्धतीने मांडल्यास लग्न वृषभ येते. वरच्या मधल्या घरात २ हा अंक व ‘रा’, पुढच्या घरात ३ व ‘मं’, त्यानंतरच्या घरात ४ आणि ‘र, चं, बु, शु, श’ असे पाच ग्रह येतात. ७ च्या घरात ‘गु’ आणि ८ च्या घरात ‘के’ येतो. तिचा तक्ता असा होतो:

| स्थान | राशी | ग्रह |
|---|---|---|
| १ तनु | वृषभ (२) | राहू |
| २ धन | मिथुन (३) | मंगळ |
| ३ सहज | कर्क (४) | रवि, चंद्र, बुध, शुक्र, शनी |
| ४ सुख | सिंह (५) | – |
| ५ सुत | कन्या (६) | – |
| ६ रिपू | तूळ (७) | गुरू |
| ७ जाया | वृश्चिक (८) | केतू |
| ८ मृत्यू | धनू (९) | – |
| ९ भाग्य | मकर (१०) | – |
| १० कर्म | कुंभ (११) | – |
| ११ लाभ | मीन (१२) | – |
| १२ व्यय | मेष (१) | – |

या पत्रिकेत जन्मवेळ घटी-पळांत दिलेली असल्यास वाराबाबत घोटाळा संभवतो. एक घटी २४ मिनिटांची असते आणि पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून मोजतात. त्या दिवसांत नांदेडला सूर्योदय सहाच्या सुमारास होत असल्याने मध्यरात्र साधारण ४५ घटींना येते आणि पत्रिकेत वार गुरुवार लिहिला जातो. इंग्रजी दिनांकानुसार मात्र तो क्षण शुक्रवार, १५ ऑगस्टचा असतो. म्हणून तक्त्याच्या शीर्षभागात मूळ नोंद जशीच्या तशी ठेवून इंग्रजी दिनांक स्वतंत्र ओळीत देणे योग्य ठरते.

## नेहमीच्या चुका

पहिली चूक राशीचा अंक स्थानाचा समजण्याची आहे. वरील उदाहरणात तसे केल्यास मंगळ दुसऱ्याऐवजी तिसऱ्या आणि गुरू सहाव्याऐवजी सातव्या स्थानात जातो.

दुसरी चूक आकृतीच्या निवडीत होते. हस्तलिखित पत्रिकेत लग्नकुंडलीशेजारी राशीकुंडलीही काढलेली असते. राशीकुंडलीत चंद्राची राशी वरच्या घरात असते. या उदाहरणात तेथे ४ हा अंक व पाच ग्रह येतात आणि मंगळ बाराव्या घरात जातो. लग्नापासून १, ४, ७, ८ व १२ या स्थानांत मंगळ असल्यास पत्रिका ‘मंगळाची’ मानण्याचा प्रघात महाराष्ट्रात आहे. त्यामुळे राशीकुंडली लग्नकुंडली म्हणून उतरवली गेल्यास, मूळ लग्नकुंडलीत नसलेला मंगळ टिपणात उत्पन्न होतो आणि स्थळ नाकारले जाऊ शकते. वरच्या घरात चंद्र दिसल्यास आकृतीवरील शीर्षक पुन्हा वाचणे आवश्यक असते. अर्थात, लग्नकुंडलीतही चंद्र प्रथम स्थानात असू शकतो.

तिसरी चूक अक्षरांची असते. उकार पुसट झाल्यास ‘शु’चा ‘श’ होतो, तर ‘बु’ आणि ‘गु’ एकमेकांसारखे दिसू शकतात. एका त्रिकोणात पाच ग्रह दाटीने लिहिले असल्यास शेवटचे अक्षर रेषेपलीकडे शेजारच्या घरात गेलेले असू शकते.

## पडताळणी

तक्ता पूर्ण झाल्यावर राशींचे अंक क्रमाने येतात का आणि नऊ ग्रह प्रत्येकी एकदाच आले आहेत का, हे प्रथम पाहतात. शनी दोनदा आला आणि शुक्र आलाच नाही, तर उकार सुटल्याचा संशय घेता येतो. राहू व केतू नेहमी परस्परांपासून सातव्या स्थानी असतात. बुध रवीपासून सुमारे २८ अंशांपेक्षा दूर जात नाही, म्हणून तो रवीच्याच किंवा लगतच्या राशीत असतो. शुक्राचे अंतर सुमारे ४७ अंशांपर्यंत असल्याने तो जास्तीत जास्त दोन राशी दूर असतो.

जन्मवेळेवरूनही रवीचे स्थान ताडून पाहता येते. रवी सूर्योदयाला पहिल्या, मध्यान्ही दहाव्या, सूर्यास्ताला सातव्या आणि मध्यरात्री चौथ्या स्थानाजवळ असतो. उदाहरणात तो तिसऱ्या स्थानी दिसतो, कारण तो कर्केच्या २८व्या अंशावर, सिंहेच्या उंबरठ्यावर आहे. एका स्थानाचा फरक त्यामुळे चूक ठरत नाही.

## मर्यादा

आकृतीत ग्रहांचे अंश सहसा नसतात, त्यामुळे तक्त्यातील स्थान राशीवरून ठरलेले असते. भावचलित कुंडलीत तोच ग्रह शेजारच्या स्थानात जाऊ शकतो. तसेच मूळ गणितातील चूक या पडताळण्यांतून निसटू शकते. वरील क्षणाच्या सुमारे पाव तास आधी नांदेडला मेष लग्न होते. नांदेडची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २१, तर लातूरची सुमारे २४ मिनिटे मागे आहे. त्यामुळे जुन्या पत्रिकेत कोणती वेळ धरली आहे, यावर अशा सीमेवरचे लग्न अवलंबून असते. नक्कल करणाऱ्याने लग्न स्वतः न बदलता मूळ अंक कायम ठेवून शंका टिपेत नोंदवणे अपेक्षित असते. तक्ता अचूक असणे म्हणजे तो मूळ कागदाशी जुळणे एवढेच होय. फलज्योतिषाच्या सत्यासत्यतेशी त्याचा संबंध नाही.