वीस क्षारांची कसोटी

वरंगलच्या काकतीय विद्यापीठातील डी. बी. सिरदेशमुख, एल. सिरदेशमुख आणि के. जी. सुभद्रा यांनी सिद्ध केलेला अल्कली हॅलाइडांच्या भौतिक गुणधर्मांचा संदर्भग्रंथ २००१ साली स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. सिरदेशमुख हे आडनाव आपल्या वाचकांना परके वाटू नये. ग्रंथाचा विषय असलेल्या क्षारांच्या कुळात लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम व सीझियम हे पाच धातू येतात. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन व आयोडिन या चौघांशी त्यांची जोडी लावली की वीस क्षार होतात. आपले खाण्याचे मीठ त्यांतलेच एक. स्फटिकशास्त्रातील एका सुप्रसिद्ध नियमाची खरी कसोटी याच वीस क्षारांवर लागते, आणि तिचा निकाल पाठ्यपुस्तकांतून क्वचितच उघडपणे सांगितला जातो.

१९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरिन असतात. या शेजाऱ्यांच्या संख्येस समन्वय अंक म्हणतात. पुढे सीझियम क्लोराइडमध्ये तो आठ आढळला. एकाच कुळातील क्षारांत सहा आणि आठ हा भेद का असावा? नॉर्वेतील गोल्डश्मिट यांनी १९२६ च्या सुमारास त्याचे उत्तर आयनांच्या आकारमानात शोधले.

त्यांची युक्ती साध्या भूमितीची आहे. चार मोठे चेंडू एकमेकांना टेकवून चौरसात मांडावेत. मोठ्याची त्रिज्या एक मानली तर चौरसाची बाजू दोन आणि कर्ण २.८२८. कर्णावर दोन्ही टोकांच्या चेंडूंच्या त्रिज्या वजा केल्या की मधल्या पोकळीसाठी ०.८२८ उरतात. अर्थात तेथे नेमका बसणाऱ्या लहान चेंडूची त्रिज्या ०.४१४. या चौरसाच्या वर व खाली एकेक मोठा चेंडू ठेवला की शेजारी सहा होतात. लहान चेंडू याहून बारीक असेल तर तो पोकळीत खुळखुळेल, आणि मग चार शेजारीच बरे. आठ शेजाऱ्यांसाठी हीच मर्यादा ०.७३२ येते.

आता पाउलिंग यांनी १९२७ साली दिलेल्या त्रिज्या घेऊन हिशेब करू. मिठाचे गुणोत्तर ०.५२, म्हणून सहा; हे बरोबर. लिथियम आयोडाइडचे ०.२८, म्हणून चार हवेत. प्रत्यक्षात सहा आहेत. पोटॅशियम फ्ल्युओराइडचे ०.९८, दोन्ही आयन जवळजवळ सारखे, तेव्हा आठ निश्चित वाटावेत, पण येथेही सहाच. वीसही क्षार तपासले असता नियम अकरांत खरा आणि नऊंत खोटा ठरतो. नेहमीच्या तापमानाला व दाबाला सतरा क्षार मिठासारखे सहाचे आहेत. तेव्हा डोळे मिटून सर्वत्र ‘सहा’ म्हणणाराही या नियमापेक्षा अधिक गुण मिळवील!

चूक भूमितीत नाही; आयन म्हणजे टणक गोट्या, हे गृहीतक अपुरे आहे. पोटॅशियम फ्ल्युओराइडचेच पाहू. संपूर्ण स्फटिकातील विद्युत आकर्षणाची बेरीज दर्शविणारा मॅडेलुंग यांचा अंक सहाच्या रचनेत १.७४८ आणि आठाच्या रचनेत १.७६३ असतो. म्हणजे आठाकडे गेल्याने लाभ एक टक्काही नाही. उलट, आठ शेजारी दाटीवाटीने बसले की त्यांचे परस्परांतील अपकर्षण वाढते आणि धन व ऋण आयनांतील अंतर सुमारे तीन टक्क्यांनी लांबते. आकर्षण अंतराच्या व्यस्त प्रमाणात असल्याने लाभापेक्षा तोटा मोठा होतो, आणि स्फटिक सहावरच थांबतो.

मग सीझियम क्लोराइड आठाचे कसे? सीझियम व क्लोरिन या दोघांचेही इलेक्ट्रॉनी आवरण मोठे आणि मऊ आहे. अशा आवरणांत व्हान डर वाल्स यांच्या नावाने ओळखले जाणारे सौम्य आकर्षण बळावते, आणि दाट रचनेत त्याचा लाभ अधिक मिळतो. पारडे झुकते ते एवढ्यानेच. फ्ल्युओराइडचा आयन लहान व घट्ट असल्यामुळे सीझियम फ्ल्युओराइड मात्र सहाचेच राहते.

पारडे इतके हलके असल्याची साक्ष प्रयोगही देतात. सीझियम क्लोराइड सुमारे ४७० अंश सेल्सियसपर्यंत तापविले की तेही सहाची रचना घेते. पोटॅशियम क्लोराइडवर सुमारे वीस हजार वातावरणांचा दाब दिला की ते आठाचे होते. उष्णता आणि दाब यांविषयी गोल्डश्मिट यांच्या गुणोत्तरात एक अक्षरही नाही.

लिथियम आयोडाइडचा प्रकार वेगळा आहे. तेथे धन व ऋण आयनांतील मोजलेले अंतर ३.०० अँगस्ट्रॉम आहे, तर त्रिज्यांची बेरीज फक्त २.७६ भरते. म्हणजे आयोडिन आयन एकमेकांना टेकले आहेत आणि लिथियम खरोखरच सैल बसला आहे. हीच स्थिती गृहीत धरून लांडे यांनी १९२० साली ऋण आयनांच्या त्रिज्या काढल्या होत्या. नियमाने वर्णिलेली अडचण तेथे आहे, परंतु स्फटिकाने त्यावर चाराचा उपाय केलेला नाही. मोठ्या आयोडिन आयनांना दाट रचनेत परस्परांचे जे आकर्षण लाभते, ते सहाच्या बाजूला पडते.

याहून मूळचा एक पेच आहे. शॅनन यांच्या १९७६ च्या कोष्टकात पोटॅशियमची त्रिज्या सहा शेजारी असताना १.३८ आणि आठ असताना १.५१ अँगस्ट्रॉम दिली आहे. तेव्हा गुणोत्तर काढण्यासाठी कोणती त्रिज्या घ्यावी हे ठरविण्यास शेजाऱ्यांची संख्या आधीच ठाऊक असावी लागते.