परिव्यय नफा व वित्तीय नफा यांचा ताळमेळ

एकाच कालावधीच्या परिव्यय लेख्यांतील व वित्तीय लेख्यांतील नफ्यात फरक का पडला, हे दाखवणाऱ्या विवरणास ताळमेळ पत्रक म्हणतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम मुख्यतः हिवाळ्यात चालतो. त्यामुळे ३१ मार्च रोजी गोदामांत साखरेचा मोठा साठा असतो. परिव्यय लेख्यांत तो उत्पादन खर्चाने मांडतात. वित्तीय लेख्यांत मात्र उत्पादन खर्च व निव्वळ वसुलीयोग्य मूल्य यांपैकी कमी असलेली रक्कम धरली जाते.

== उदाहरण ==
एका काल्पनिक कारखान्याचा परिव्यय नफा ४० लाख रुपये आहे. अखेरचा साठा १०,००० क्विंटल असून त्याचा दर परिव्यय लेख्यांत ३,५०० व वित्तीय लेख्यांत ३,४०० रुपये आहे. म्हणून १० लाख वजा होतात. प्रारंभिक साठा वित्तीय लेख्यांत २ लाखांनी कमी आहे. तो खर्चाच्या बाजूस येत असल्याने २ लाख मिळवले जातात. केवळ वित्तीय लेख्यांत नोंदलेले ३ लाखांचे मिळालेले व्याज मिळवून १ लाखाची देणगी वजा केल्यावर वित्तीय नफा ३४ लाख येतो.

प्रारंभिक साठ्याचा फरकही वजा केल्यास उत्तर चुकून ३० लाख येते. यंदाचा अखेरचा साठा पुढील वर्षाचा प्रारंभिक साठा ठरतो. त्यामुळे आज वजा केलेले १० लाख पुढील वर्षीच्या पत्रकात मिळवावे लागतात.