मुखवटा नव्हताच: नाट्यछटेतला बोलणारा आणि गप्प बसलेला ऐकणारा

दिवाकरांनी (शंकर काशीनाथ गर्गे, १८८९–१९३१) १९११ मध्ये ‘महासर्प’ लिहिली आणि मराठीत नाट्यछटा आली. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांचा त्यांच्यावर प्रभाव होता, हे सर्वमान्य आहे. एकच माणूस बोलतो, समोरचा दिसत नाही, त्याचे शब्दही ऐकू येत नाहीत. हा प्रकार अमरावती-अकोल्याच्या स्नेहसंमेलनांतून आणि एकपात्री स्पर्धांतून आजही जिवंत आहे. त्याबरोबर त्याच्याविषयीचा एक समजही जिवंत आहे, आणि इथे मला त्याच्याशी वाद घालायचा आहे.

तो समज असा. नाट्यछटेतला वक्ता मूळचा दांभिक असतो. तो चेहऱ्यावर सज्जनपणाचा मुखवटा चढवून बोलायला लागतो, बोलण्याच्या भरात जीभ घसरते, मुखवटा सरकतो आणि आतले सत्य प्रेक्षकाला दिसते. ऐकणारा केवळ सोयीपुरता. त्याच्या जागी रिकामी खुर्ची ठेवली तरी चालते.

या मताला आधार नाही असे नाही. दिवाकरांच्या अनेक छटा उपहासाच्या आहेत. ‘पंत मेले, राव चढले’ हे शीर्षकच एकाचे मरण आणि दुसऱ्याची चढती शेजारी ठेवते. पण तिथे चिमटा काढतो तो लेखक, त्याने केलेल्या मांडणीतून. वक्त्याच्या तोंडून नकळत काय निसटते, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. त्यासाठी एक वऱ्हाडी उदाहरण रचून तपासतो.

वऱ्हाडात सालदाराचे वर्ष पाडव्याला बदलते. दर्यापूरकडच्या एका गावात, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, शेतमालक आपल्या मेलेल्या सालदाराच्या पोराला बोलावून घेतो. पोरगा पूर्ण वेळ गप्प आहे.

“ये गजू, बस. खुर्ची ऱ्हाऊ दे, खालीच बस, थंडगार हाय. तुया बाप बारा वर्सं याच वसरीत बसला, म्या त्याले कधी परका नाही समजलो. तुया बहिनीच्या लग्नाले पैसे कोनं देल्ले? म्यानंच ना? कागदावर आंगठा घेतला, तो काई भरोसा नाही म्हनून नाही. रीत हाय म्हनून. आता पाय, फवारनीले त्याले म्या नाही धाडलं. तोच गेला... आयकलं, तू पुन्याले जातं म्हनून? पुन्यात कोन हाय तुयं?”

मुखवट्याचा सिद्धान्त इथे लावला तर उत्तर चटकन मिळते: ‘परका नाही समजलो’ हे ढोंग, ‘खालीच बस’ ही घसरलेली जीभ. पण मालकाला ‘खालीच बस’ हे लपवायचे होते, असे कशावरून? साऱ्या गावासमोरही तो हे असेच म्हणेल. पोराला खाली बसवणे आणि बापाला घरचा मानणे यांत त्याला विसंगती दिसतच नाही. लपवण्यासारखे काही आहे असे ज्याला वाटत नाही, त्याच्या चेहऱ्यावर मुखवटा कुठून येणार? नकळत उघड होते ते त्याचे गुपित नाही. ज्या रीतीला तो हवेसारखी गृहीत धरतो ती रीत उघड होते. लाज न वाटता तो जे बोलतो, ती पुराव्याची पहिली जात.

दुसरी जात याहून बारीक आहे. ‘भरोसा नाही म्हनून नाही’ असे मालक म्हणतो, पण भरवशाचा प्रश्न कुणी काढलेला नाही. फवारणीचेही तसेच. पोराने चकार शब्द काढलेला नाही, तरी मालक आरोपाचे उत्तर देतो. म्हणजे आरोप त्याच्या स्वतःच्या मनात आधीपासून उभा आहे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हा नाट्यछटेतला सर्वांत मोलाचा क्षण असतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या मौनाशिवाय घडूच शकत नाही. पोरगा “मालक, कागदाचं राहू द्या” एवढे जरी बोलला असता, तरी मालकाला त्याच्या मनातले कळले असते आणि तो जपून बोलला असता. समोरून काहीच येत नाही, म्हणून तो ती रिकामी जागा आपल्याच धास्तीने भरतो.

याच मुलखातल्या गाडगेबाबांचे कीर्तन इथे उलट बाजूने साक्ष देते. बाबा अडाण्याचा आव आणून प्रश्न विचारीत, गर्दी उत्तरे देई, आणि आपल्याच उत्तरांत गर्दी अडके. तिथे ऐकणारे बोलतात म्हणून ऐकणारे उघडे पडतात. बाबांचे अज्ञान हेतुपुरस्सर आहे, त्यातून बाबांविषयी नकळत काही निसटत नाही. नाट्यछटेत ऐकणारा गप्प राहतो आणि पेच बोलणाऱ्यावर उलटतो. कोण गप्प राहते यावर सारे ठरते. म्हणून रिकाम्या खुर्चीने भागत नाही.

आक्षेप येईल की फवारणीच्या वाक्यावरून मालकाचा गुन्हा तर सिद्ध झालाच ना? नाही झाला. त्याने सालदाराला धाडले असेल; नसेलही, पण थांबवले नाही म्हणून मन खात असेल. त्या दिवशी त्याला अपुरी साधने दिली, हे आठवत असेल. वाक्यातून एवढेच निश्चित होते की तो दिवस त्याच्या मनातून गेलेला नाही. एकभाषितातून बोलणाऱ्याचे मन दिसते. घडलेली घटना पुराव्यानिशी हाती लागत नाही. स्वतःला न्यायाधीश समजणारा प्रेक्षक ही मर्यादा विसरतो.

ब्राउनिंगच्या १८४२ मधल्या ‘माय लास्ट डचेस’ची गोष्ट हीच. नव्या सोयरिकीसाठी आलेल्या वकिलाला ड्यूक आपल्या दिवंगत बायकोचे चित्र दाखवतो आणि आपण हुकूम दिले, मग तिचे हसणे थांबले, असे सांगतो. हा जीभ घसरल्याचा प्रकार नाही. वकिलामार्फत पुढच्या वधूला दिलेली ती ताकीद म्हणून सहज वाचता येते. हुकूम कशाचे, असे विचारल्यावर ब्राउनिंगने आधी ठार मारण्याचे असे सांगितले आणि मग मठात कोंडण्याचेही असू शकतील असे म्हटले, अशी नोंद आहे. म्हणजे गुन्ह्याचा तपशील कवीनेच मोकळा सोडला. ड्यूकविषयी नकळत उघड होते ते वेगळेच: बायकोला तिचे काय खटकते हे तोंडाने सांगणेही त्याला कमीपणाचे वाटले, आणि हे ऐकून समोरचा मान डोलावेल याची त्याला खात्री आहे.

सादरीकरणातला फरक इथूनच सुरू होतो. मुखवट्याच्या समजाने नट ‘परका नाही समजलो’ म्हणताना प्रेक्षकांकडे तिरके पाहतो, सूर लबाड करतो. त्या क्षणी मालक स्वतःला ओळखणारा माणूस होतो आणि ‘नकळत’ संपते. ते वाक्य पूर्ण प्रामाणिकपणे म्हणायला हवे. संहितेसाठी कसोटी सोपी आहे: प्रत्येक वाक्याआधी ऐकणाऱ्याने काय केले असेल, हे विचारावे. खुर्चीकडे हात नेला, कागदाकडे पाहिले, मान खाली घातली. उत्तर सापडत नसेल, तर लिहिले आहे ते भाषण आहे, नाट्यछटा नाही. आणि उत्तर सापडत असेल, तर दांभिकपणाची निंदा करण्याआधी प्रेक्षकाला हेही पाहावे लागेल की मालक जी रीत निःसंकोच बोलून दाखवतो, तीतले किती आपणही रोज तसेच निःसंकोच बोलतो.