उन्नत कोन नेमका कोणत्या रेषेपासून मोजतात? आकृती चुकली की उत्तर कसं पकडायचं

दहावीच्या गणित भाग 2 मध्ये उंची आणि अंतराची उदाहरणं येतात. त्यांत गुणाकार चुकणारे कमी आणि आकृती चुकणारे जास्त. आकृतीतली नेहमीची चूक एकच असते. कोनाचा आकडा बरोबर घेतलेला असतो, पण तो भलत्याच रेषेपासून मोजलेला असतो. पुढची सगळी रीत नीटनेटकी असल्यामुळे उत्तर पाहून शंकाही येत नाही.

म्हणून आधी व्याख्या पाहू. पाहणाऱ्याच्या डोळ्यातून निघालेली एक रेषा वस्तूकडे जाते, ती दृष्टिरेषा. त्याच डोळ्यातून निघालेली दुसरी रेषा सरळ समोर, आडवी जाते, ती क्षितिजसमांतर रेषा. या दोन रेषांमधला कोन म्हणजे वर पाहताना उन्नत कोन आणि खाली पाहताना अवनत कोन. या व्याख्येत भिंत, खांब, मनोरा असं काहीच नाही. जमीनही नाही. जमीन सपाट असेल आणि डोळा जमिनीलगत असेल, तरच ती क्षितिजसमांतर रेषेच्या जागी चालते.

आता बालभारतीच्या पुस्तकातलं एक उदाहरण घेऊ. दीपगृह 90 मीटर उंच आहे, त्याच्या माथ्यावरून जहाज 60° च्या अवनत कोनात दिसतं, तर जहाज किती दूर? रावेरच्या मुलाला समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे दीपगृहाच्या जागी गावातली पाण्याची टाकी आणि जहाजाच्या जागी केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर ठेवला तरी चालेल. गणित तेच राहतं.

इथे बहुतेकांचा हात असा चालतो: आधी उभी रेषा, मग खाली आडवी जमीन, मग माथ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत तिरकी रेषा. काटकोन त्रिकोण तयार. आता 60° लिहायला वरच्या टोकाला जागा शोधली, तर त्रिकोणाच्या आत, टाकी आणि तिरकी रेषा यांच्या मध्ये एक कोन आयताच मोकळा दिसतो. आकडा तिथे जाऊन बसतो. पण हा कोन उभ्या रेषेपासूनचा आहे. खरा अवनत कोन त्रिकोणाच्या बाहेर आहे आणि तो दाखवणारी आडवी रेषा काढलेलीच नाही. मला तर वाटतं, या चुकीचं खरं कारण एवढंच की लागणारी रेषा त्रिकोणाची बाजू नसते, म्हणून ती काढायचं सुचत नाही.

माथ्यावरून जमिनीला समांतर तुटक रेषा काढली की सगळं जागेवर येतं. 60° त्या तुटक रेषेपासून खाली. व्युत्क्रम कोन समान असल्यामुळे तेवढाच कोन खाली ट्रॅक्टरपाशी, त्रिकोणाच्या आत मिळतो. मग tan 60° = 90 / अंतर, म्हणजे अंतर = 90/√3 = 30√3. √3 साठी 1.73 घेतले, तर 51.90 मीटर. कोन टाकीपाशी मांडणाऱ्याला 90√3 म्हणजे 155.70 मीटर मिळतात. बरोबर तिप्पट. हा योगायोग नाही. आकडा उभ्या रेषेपासून मांडला की 60° च्या जागी नकळत 30° वापरला जातो, आणि tan 60° हा tan 30° च्या तिप्पट आहे. तुमचं उत्तर छापील उत्तराच्या तिप्पट किंवा एक तृतीयांश आलं, तर आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका, सरळ आकृतीकडे जा.

परीक्षेत छापील उत्तर समोर नसतं. तिथे 45° कामाला येतो. tan 45° = 1, म्हणजे त्या कोनाला उंची आणि आडवं अंतर सारखं. कोन 45° पेक्षा मोठा असेल तर उंची अंतरापेक्षा जास्त, लहान असेल तर कमी. वरच्या उदाहरणात कोन 60° आहे, म्हणजे अंतर 90 पेक्षा कमीच यायला हवं. 155.70 आलं तिथेच थांबायचं. या तपासणीला पाच सेकंदही लागत नाहीत. आकडा उभ्या रेषेपासून घेतल्याची चूक ती दर वेळी पकडते, फक्त कोन 45° चाच असेल तेव्हा नाही. पण तेव्हा चूक असूनही उत्तर बिघडत नाही.

sin लागणाऱ्या उदाहरणातही असाच अंदाज बांधता येतो. पुस्तकात अग्निशामक दलाच्या गाडीवरची 20 मीटर शिडी आहे. ती जास्तीत जास्त 70° पर्यंत उचलता येते आणि शिडीचा पाया जमिनीपासून 2 मीटर उंच आहे. 70° म्हणजे शिडी जवळजवळ उभी, तेव्हा तिचं टोक पायापासून वीसाच्या आसपास जाणार. 20 × 0.94 = 18.80 आणि वरचे 2 मिळून 20.80 मीटर. कुणी 70° उभ्या रेषेपासून घेतला तर एकूण 9 मीटरच्याही खाली उत्तर येतं. इतक्या उभ्या शिडीला ते शोभत नाही.

ही झाली उभ्या-आडव्याची गल्लत. दुसरी गल्लत जास्त चकवते. रेषा आडवीच असते, पण चुकीच्या उंचीवर काढलेली असते. 12 मीटर रुंदीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती आहेत. पहिली 10 मीटर उंच, तिच्या गच्चीवरून दुसरीच्या माथ्याचा उन्नत कोन 60°. दुसरी किती उंच? पाहणारा गच्चीवर आहे, म्हणून आडवी रेषा गच्चीच्या पातळीवरून निघते आणि समोरच्या इमारतीला जमिनीपासून 10 मीटरवर भिडते. तिच्या वरचा भाग 12 × 1.73 = 20.76 आणि एकूण उंची 30.76 मीटर. घाईत कोन जमिनीपासून मांडला की उत्तर 20.76 वरच थांबतं.

इथे 45° ची तपासणी काही बोलत नाही. 20.76 हे 12 पेक्षा जास्त आहेच आणि इमारत पहिलीपेक्षा उंचही ठरते. अशा वेळी उलट गणित करायचं, पण तेही जपून. आपल्याच चुकीच्या आकृतीत उत्तर परत घातलं तर 20.76 / 12 = 1.73, म्हणजे 60°, आणि चुकीवर बरोबरची खूण बसते. ‘ताळा जुळला’ म्हणून पुढे गेलेली किती तरी उत्तरं अशीच असतात. ताळा करताना आकृती बाजूला ठेवा, प्रश्नातलं वाक्य परत वाचा आणि एवढंच विचारा: डोळा कुठे आहे? डोळा 10 मीटरवर. त्याच्या वर दिसणारा भाग 20.76 − 10 = 10.76. त्याला 12 ने भागलं तर सुमारे 0.90. हा तर 42° च्या जवळचा कोन झाला. प्रश्नात 60° आहे. चूक सापडली.

वाक्य वाचताना एका शब्दाकडे लक्ष असू द्या. काही प्रश्नांत कोन मुद्दाम भिंतीशी किंवा खांबाशी दिलेला असतो, जसं ‘शिडी भिंतीशी 30° चा कोन करते’. तिथे तो भिंतीपासूनच मांडायचा. तो उन्नत कोन नाही आणि तसं प्रश्नात म्हटलेलंही नाही.

वहीबाहेर, खरोखर उंची मोजायला गेलं की हीच चूक साधनातून येते. शाळेत कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला वजन बांधून कोन मोजतात. सरळ कडेवरून टाकीचा माथा पाहायचा आणि दोरा कुठे येतो ते वाचायचं. पण कड आडवी असताना दोरा 90 वर असतो. म्हणजे दोरा 40 वर आला तर उन्नत कोन 40° नव्हे, 50°. टाकीपासून 15 मीटरवर उभे आहात आणि डोळा दीड मीटर उंचीवर आहे असं धरा. खरी उंची 15 × 1.19 + 1.5, म्हणजे सुमारे 19.4 मीटर. 40° घेतले तर 14.1 मीटर. सर्व्हेवाल्यांच्या टोटल स्टेशनमध्येही उभा कोन बहुधा डोक्यावरच्या बिंदूपासून मोजतात, आणि दुर्बीण आडवी असताना पडद्यावर 90° दिसतात. त्यांचं काही बिघडत नाही, कारण शून्य कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. आपल्याला माहीत नसेल तर मागेपुढे सरकून दोरा 45 वर येईल अशी जागा शोधावी. तिथे कोणत्याही बाजूने वाचलं तरी कोन तोच. टाकीपर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची, झालं उत्तर.

हे रावेर गावाच्या सपाट भागात चालतं. तालुक्यातच उत्तरेला, सातपुड्यात पालच्या बाजूला चढावर उभं राहून झाड मोजायचं म्हटलं तर जमीन दगा देते. समजा 5° चा चढ आहे, झाड चढाच्या वरच्या बाजूला 40 मीटरवर आहे आणि आडव्या रेषेपासून शेंड्याचा कोन 25° आहे. जमीन सपाट धरून केलं तर 40 × 0.466 + 1.5, म्हणजे सुमारे 20.1 मीटर येतात. पण झाडाचा बुंधाच तुमच्या पायांपेक्षा साडेतीन मीटर उंचीवर आहे. खरी उंची 16.6 मीटरच्या आसपास. कोन चढाच्या रेषेपासून मोजून 20° घेतला तरी सुटका नाही, कारण झाड चढाशी काटकोनात नसतं, ते सरळ उभं असतं. त्रिकोणात काटकोनच उरत नाही, मग tan लावायचा कशाला?

चढावर म्हणून दोन कोन घ्यायचे, एक शेंड्याचा आणि एक बुंध्याचा, दोन्ही डोळ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून. या झाडाचा बुंधा डोळ्याच्याही वर, सुमारे 3° वर दिसेल. तेव्हा दोन्ही tan ची वजाबाकी करून तिला अंतराने गुणायचं. बुंधा डोळ्याच्या खाली दिसला तर बेरीज. चढावरून मोजलेलं 40 मीटर अंतर आडवं धरलं तर 39.85 होतं. पण एवढ्या चढाला हा फरक सोडून दिला तरी चालतो.