अझिथ्रोच्या तीन गोळ्या आणि घरचा न्यूमोनिया

ताप, खोकला आणि बरगडीखाली टोचणारी कळ घेऊन माणूस दवाखान्यात गेला की हाती पडणारी चिठ्ठी आपल्याकडे जवळजवळ ठरलेली असते. अझिथ्रोमायसिन पाचशे, रोज एक, तीन दिवस. एक्स-रेवर पांढरा डाग दिसला तर त्याऐवजी लिव्होफ्लॉक्सासिन. चोपड्यापासून साक्रीपर्यंत औषधाच्या दुकानदारालाही हा क्रम तोंडपाठ असतो.

या चिठ्ठीमागचा पूर्वपक्ष पोकळ नाही. दिवसातून एकच गोळी असली तर शेतमजूर ती घेतो, तीन वेळची विसरतो. अमॉक्सिसिलिन जुनं झालं, जंतू त्याला सरावले, असं म्हटलं जातं. शिवाय मायकोप्लाझ्मासारख्या जंतूंना पेशीभित्तीच नसल्यामुळे अमॉक्सिसिलिन त्यांच्यावर चालत नाही, अझिथ्रो चालतं. आणि लिव्हो तर दोन्ही प्रकारच्या जंतूंवर चालतं, मग हलक्या औषधात वेळ का घालवायचा? 2012 साली भारतीय छातीरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी काढलेल्या मार्गदर्शिकेतही घरी उपचार घेणाऱ्या, इतर आजार नसलेल्या रुग्णासाठी अझिथ्रोच्या गटाला अमॉक्सिसिलिनच्या बरोबरीने जागा आहे. म्हणजे प्रतिपक्षाच्या हातात कागदही आहे.

तरीही ही चिठ्ठी चुकते, कारण ती न्यूमोनियातल्या मुख्य शत्रूकडे पाहत नाही. घरी बऱ्या होऊ शकणाऱ्या न्यूमोनियातही दगा देणारा जंतू म्हणजे न्यूमोकॉकस. अझिथ्रो आणि अमॉक्सिसिलिन या दोन्ही औषधांविरुद्धचा त्याचा प्रतिकार एका जातीचा नाही. अझिथ्रो जंतूच्या ज्या जागी चिकटतं ती जागाच अनेकदा बदललेली असते. असा जंतू समोर असला तर डोस दुप्पट करा, चौपट करा, उपयोग शून्य. पेनिसिलिन गटाविरुद्धचा प्रतिकार मात्र पायरीपायरीने वाढतो आणि डोस वाढवला की बहुतेक वेळा तो ओलांडता येतो. जुन्या अहवालांत ‘पेनिसिलिनला दाद देत नाही’ असा शिक्का बसलेले बरेच जंतू मेंदूज्वराच्या कडक निकषाने मोजलेले होते. फुप्फुसासाठीचा निकष 2008 मध्ये वेगळा केला, तेव्हा त्यांतले पुष्कळ जंतू औषधाच्या आवाक्यात आले. अमेरिकेच्या 2019 च्या मार्गदर्शिकेनेही म्हणूनच नुसतं अझिथ्रो देण्याला अट घातली: त्या भागात न्यूमोकॉकसचा या गटाविरुद्धचा प्रतिकार 25 टक्क्यांच्या खाली असेल तरच. आपल्या तालुक्याचा आकडा हाती नसताना ती अट पाळली असं म्हणता येत नाही.

मायकोप्लाझ्माचा मुद्दा उरतो. नेदरलँड्समध्ये वॉर्डात दाखल, पण अतिदक्षता विभागात नसलेल्या रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटाने सुरुवात केलेले रुग्ण अझिथ्रोचा गट जोडलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. दाखल रुग्णात हे खरं असेल, तर घरच्या सौम्य रुग्णात त्या जंतूंच्या धास्तीने मुख्य औषध सोडण्याचं कारण उरत नाही.

लिव्होबद्दलची हरकत वेगळी, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. ते क्षयाच्या जंतूवरही चालतं. क्षयालाच न्यूमोनिया समजून पाच-सात दिवस लिव्हो दिलं तर ताप उतरतो, रुग्ण खूश होतो, थुंकीत जंतू सापडायचे थांबतात आणि निदान दोन-तीन आठवडे पुढे ढकललं जातं. शिवाय औषधप्रतिरोधक क्षयात ज्या गटावर भिस्त ठेवायची, त्यालाच जंतू आधी सरावतो. 2012 ची ती भारतीय मार्गदर्शिका या गटाला घरच्या न्यूमोनियात पहिल्या फळीत घेऊ नका असं सांगते ते याच कारणाने. अमेरिकेत क्षय विरळ, म्हणून तिथे हा गट चालतो; तिथली चिठ्ठी धुळ्यात जशीच्या तशी उतरवता येत नाही.

आता मंडन. समजा चोपड्याजवळचा केळीच्या बागेत राबणारा 46 वर्षांचा माणूस आला. तीन दिवस थंडी वाजून ताप, गंजाच्या रंगाचा बेडका, उजव्या कुशीत खोल श्वास घेतला की कळ. मधुमेह नाही, विडी नाही. श्वास मिनिटाला 24, नाडी 108, रक्तदाब 118/74, ऑक्सिजन 95, बोलणं शुद्ध. याला अमॉक्सिसिलिन 1 ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या दोन कॅप्सूल, दिवसातून तीनदा, पाच दिवस. ‘सहाशे पंचवीस’ची गोळी महाग आणि जुलाब जास्त करणारी, तिच्यातलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड न्यूमोकॉकसवर काहीही करत नाही, कारण ज्याला ते निष्प्रभ करतं ते विकर हा जंतू बनवतच नाही. ती राखून ठेवायची ती दम्याच्या-धूम्रपानाच्या जुन्या रोग्यासाठी, मधुमेह्यासाठी, हृदय किंवा यकृताच्या रुग्णासाठी, आणि तिथे जोडीला अझिथ्रो द्यायचं. तेव्हा अझिथ्रो जोडीदार असतं, एकटं नसतं. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन शंभर, दोनदा. गरोदर बाईला ते नको. किडनी अधू असेल तर अमॉक्सिसिलिनचा डोस डॉक्टरांनी कमी करावा.

या माणसाला 48 तासांनी पुन्हा बघायचं. 72 तासांतही ताप हटला नाही तर लिव्होकडे उडी मारायची नाही. गोळ्या खरोखर तीनदा घेतल्या का हे विचारायचं, पुन्हा तपासून एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी साचलंय का पाहायचं, आणि बेडका क्षयाच्या मोफत तपासणीला पाठवायचा.

दुसरा प्रचलित समज असा की दाखल करायचं ते तापाच्या आकड्यावरून किंवा डाग किती मोठा यावरून. या दोन्हींपेक्षा नुसता श्वास मोजणं जास्त सांगतं. रुग्णाला न सांगता, पोटाकडे बघत, पूर्ण साठ सेकंद मोजायचा. पंधरा सेकंदांचे चौपट केले की चूकही चौपट होते. मिनिटाला 30 किंवा जास्त श्वास, नव्याने आलेला गोंधळ, वरचा रक्तदाब 90 च्या खाली किंवा खालचा 60 किंवा कमी, आणि वय 65 किंवा अधिक, असे चार मुद्दे, प्रत्येकी एक गुण. आपल्या चोपड्याच्या माणसाला शून्य. त्याच घरातली 72 वर्षांची आई, जिला ताप नाही, खोकलाही नावाला, पण सकाळपासून जेवत नाही, भलतंच बोलते आणि श्वास 32, तिला तीन. घरचे म्हणतात वयामुळे झालं. खरी आजारी तीच आहे, आणि तिला लगेच 108 ने न्यायला हवं.

बोटावरचं ऑक्सिजन यंत्र 2020 पासून घराघरांत आहे. त्या उन्हाळ्यात जळगावचा कोरोना मृत्यूदर देशभर गाजला, आणि धाप न जाणवताही ऑक्सिजन उतरतो हे इथल्या लोकांनी जवळून पाहिलं. बोट गरम हवं, नखावर मेंदी-पॉलिश नको, माणूस पाच मिनिटं स्वस्थ बसलेला हवा. 92 किंवा कमी आकडा आला की गुण शून्य असले तरी दाखल करायचं. सावळ्या कातडीवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून 93 पाहून निर्धास्त होऊ नये.

गुणांच्या तक्त्यात न मावणारं बरंच असतं. गोळी उलटून पडते, साखर आवाक्यात नाही, बाई गरोदर आहे, ओठ निळसर दिसतात, घरी पाणी द्यायलाही माणूस नाही, यांपैकी काहीही असलं तरी दाखल. आणि सातपुड्यातल्या पाड्यावरून रात्री गाडी मिळणं अवघड असेल, तर शिरपूरच्या बाजारपेठेत राहणाऱ्याला मी जे आकडे पाहून घरी पाठवीन, तेच आकडे पाहून पाड्यावरच्या माणसाला पहिली रात्र खाटेवर ठेवीन.